काचेच्या गोळ्यातला बुडबुडा जवळून उथळ आणि पलीकडून खोल का दिसतो?

प्रश्न: ५ सेमी त्रिज्येच्या काचेच्या गोळ्यात (अपवर्तनांक १.५) केंद्रापासून २ सेमीवर हवेचा लहान बुडबुडा आहे. जवळच्या बाजूने पाहिल्यावर मी खरी खोली भागिले अपवर्तनांक केले, तर ३ ÷ १.५ = २ सेमी आले. उत्तर २.५ सेमी दिले आहे. लांबच्या बाजूने तर ८.७५ सेमी दिले आहे, म्हणजे खऱ्या ७ सेमीपेक्षाही जास्त. काचेतली वस्तू खऱ्या खोलीपेक्षा खोल कशी दिसेल?

उत्तर: दिलेली दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. आपण वापरलेले सूत्र सपाट पृष्ठभागाचे आहे आणि गोळ्याचा पृष्ठभाग सपाट नाही, एवढाच हा फरक आहे. बारावीच्या वर्गात हे शिकवताना मी सूत्र सांगण्याआधी एकच किरण काढून दाखवतो, कारण हा सगळा गोंधळ त्या एका किरणातच सुटतो.

बुडबुडा, गोळ्याचे केंद्र आणि आपला डोळा एका रेषेत आहेत असे धरा; ती रेषा म्हणजे मुख्य अक्ष. बुडबुड्यापासून निघालेला एक किरण अक्षापासून h इतक्या उंचीवर पृष्ठभागाला भेटतो. h लहान आहे, त्यामुळे कोन हा उंची भागिले अंतर इतका मानता येतो. जवळच्या बाजूने पाहताना बुडबुडा पृष्ठभागापासून ३ सेमीवर आहे, म्हणून किरणाचा अक्षाशी होणारा कोन h/३ आहे. त्या बिंदूवरची स्तंभिका मात्र अक्षाला समांतर नसते. ती केंद्रातून येते आणि केंद्र ५ सेमीवर आहे, म्हणून तिचा अक्षाशी कोन h/५ होतो. आपाती कोन हा किरण आणि स्तंभिका यांमधला कोन असल्यामुळे तो h/३ − h/५ = २h/१५ एवढाच येतो. काचेतून हवेत येताना हा कोन १.५ पट होतो, म्हणजे h/५. बाहेर पडलेला किरण अक्षाशी h/५ + h/५ = २h/५ इतका कोन करतो. तो मागे वाढवला की अक्षाला h ÷ (२h/५) = २.५ सेमी अंतरावर भेटतो आणि बुडबुडा तिथे दिसतो.

आपल्या गणितात स्तंभिकेचा कोन शून्य धरला गेला होता. तसे केले की h/३ पूर्णच्या पूर्ण १.५ पट होऊन h/२ होतो आणि खोली २ सेमी येते. तो सपाट काचेचा जाड तुकडा झाला.

आता लांबची बाजू. बुडबुडा ७ सेमीवर, म्हणजे केंद्राच्याही पलीकडे आहे. किरणाचा कोन h/७ आणि स्तंभिकेचा h/५ आहे, म्हणजे या वेळी स्तंभिका किरणापेक्षा अधिक कललेली आहे आणि किरण तिच्या दुसऱ्या अंगाला, अक्षाकडच्या बाजूला आहे. आपाती कोन h/५ − h/७ = २h/३५, आणि त्याच्या १.५ पट ३h/३५. हवेत येताना किरण नेहमीप्रमाणे स्तंभिकेपासून दूरच वळतो, पण इथे स्तंभिकेपासून दूर जाणे म्हणजे अक्षाच्या दिशेने झुकणे. म्हणून बाहेरच्या किरणाचा कोन h/५ − ३h/३५ = ४h/३५ होतो. हा मूळच्या h/७ पेक्षा, म्हणजे ५h/३५ पेक्षा कमी आहे. किरण कमी पसरतात, मागे वाढवल्यावर अधिक लांब भेटतात आणि प्रतिमा ३५/४ = ८.७५ सेमीवर जाते. आपल्या प्रश्नाचे मर्म याच पायरीत आहे: खोली कमी दिसेल की जास्त, हे वस्तू केंद्राच्या अलीकडे आहे की पलीकडे यावर ठरते.

हाच युक्तिवाद अक्षरांत मांडला की एका गोलीय पृष्ठभागाचे सूत्र मिळते. प्रकाश n₁ या माध्यमातून n₂ मध्ये जात असेल, तर n₁(h/u − h/R) = n₂(h/v − h/R), आणि त्यावरून

n₂/v − n₁/u = (n₂ − n₁)/R

सर्व अंतरे पृष्ठभागाच्या ध्रुवापासून मोजायची आणि प्रकाश ज्या दिशेने जातो ती दिशा धन मानायची. चुका बहुधा इथेच होतात. प्रकाश काचेतून बाहेर येतो आहे, म्हणून n₁ = १.५ आणि n₂ = १; वस्तू काचेत आहे हे विसरून हे अंक उलटे घातले जातात. दुसरे म्हणजे, गोळा बाहेरून फुगीर दिसतो म्हणून R धन लिहिला जातो. पण प्रकाश डोळ्याकडे येत असताना केंद्र त्याच्या मागे राहते, म्हणून R = −५ सेमी. जवळच्या बाजूसाठी u = −३ सेमी घातल्यास

१/v = १.५/(−३) + (−०.५)/(−५) = −०.५ + ०.१ = −०.४

म्हणजे v = −२.५ सेमी. ऋण चिन्हाचा अर्थ असा की प्रतिमा आभासी आहे आणि काचेच्याच बाजूला आहे. u = −७ घातल्यास v = −८.७५ सेमी येते.

चिन्हे बरोबर घेतली आहेत का, हे तपासायला मी विद्यार्थ्यांना नेहमी बुडबुडा केंद्रावर ठेवून पाहायला सांगतो. केंद्रातून निघालेला प्रत्येक किरण पृष्ठभागाला लंबच असतो, तो वळत नाही, म्हणून प्रतिमा केंद्रावरच यायला हवी. u = −५ घातल्यास १/v = −०.३ + ०.१ = −०.२, म्हणजे v = −५, आणि हे जुळते. R चुकून +५ घेतला असता तर v = −२.५ आले असते आणि चूक लगेच उघडी पडली असती.

प्रतिमेचा आकारही यातूनच मिळतो. विशालन n₁v/(n₂u) इतके असते. जवळच्या बाजूने ते १.२५ आणि लांबच्या बाजूने १.८७५ येते. असा पेपरवेट हाती असेल तर तो फिरवून पाहावा. बुडबुडा मागच्या अर्ध्या भागात गेला की स्पष्टपणे मोठा दिसतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. h लहान आहे हे आपण धरून चाललो आहोत, आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच चालत नाही. पृष्ठभागावर असा बिंदू घेतला की जिथली स्तंभिका अक्षाशी ३०° कोन करते, आणि स्नेलचा नियम लहान कोनांची सवलत न घेता लावला, तर जवळच्या बाजूने तो किरण मागे वाढवल्यावर अक्षाला ध्रुवापासून सुमारे २.३५ सेमीवर भेटतो, २.५ वर नाही. लांबच्या बाजूने तोच हिशेब सुमारे ८.७१ सेमी देतो, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. याचे कारण असे की केंद्राच्या पलीकडे R/n अंतरावर, इथे ३.३३ सेमीवर, एक विशेष बिंदू असतो, ज्याची प्रतिमा मोठ्या कोनाच्या किरणांनीही अचूक एकाच जागी पडते, आणि पलीकडचा बुडबुडा केंद्र व तो बिंदू यांच्या दरम्यान आहे. केंद्राच्या अलीकडे असा बिंदू नाही, म्हणून जवळच्या बुडबुड्यासाठी २.५ सेमी हे उत्तर डोळा अक्षावर असेल तेव्हाचेच समजावे.