रात्रीच्या मोफत डेटात मोठे डाउनलोड कसे बसवावे

प्रश्न : माझ्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी आणि रात्री १२ ते सकाळी ६ अमर्याद डेटा आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून रात्री मोठे डाउनलोड लावून झोपतो, पण सकाळी एकतर ते अर्धवट असते किंवा दिवसाचा कोटाच संपलेला असतो. काय चुकते?

तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. कोटा का संपतो ते आधी सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

डेटा मोफत धरायचा की नाही, हे डाउनलोड केव्हा सुरू केले यावर ठरत नाही. तो डेटा ज्या वेळी वापरला जातो, त्या वेळेवर ते ठरते. नव्या दिवसाचा दीड जीबी रात्री बारालाच खात्यावर जमा होतो, सहापर्यंत त्याला हात लागत नाही, आणि सहा वाजून गेल्यावर चालू असलेले डाउनलोड तोच कोटा खाऊ लागते. गेल्या वर्षी कराडजवळच्या गावातील एका अभ्यासिकेसाठी मी व्याख्यानांच्या चित्रफिती उतरवत होतो. वेग ८ एमबीपीएस होता, म्हणजे तासाला सुमारे ३.६ जीबी. मला सहा पंचविसाला जाग आली, तेव्हा त्या पंचवीस मिनिटांत दीड जीबी संपून गेले होते आणि पुढचा सारा दिवस ६४ केबीपीएसवर काढावा लागला. त्या वेगाला तासाभरात जेमतेम २९ एमबी उतरते. तेव्हापासून मी डाउनलोड सुरू होण्यापेक्षा ते वेळेवर थांबण्याची व्यवस्था आधी करतो. सुरुवात १२ वाजून १० मिनिटांनी आणि शेवट ५ वाजून ५० मिनिटांनी, म्हणजे दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटे सोडलेली. हे ५ तास ४० मिनिटे होतात, सेकंदांत २०,४००.

यासाठी मी aria2c वापरतो. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते, आणि ठरावीक सेकंदांनी स्वतःच थांबण्याची सोय त्यात आहे. yadi.txt या साध्या फाइलमध्ये एका ओळीवर एक असे दुवे लिहून ठेवावेत आणि पुढील आज्ञा द्यावी :

```
aria2c -c -m 0 -i yadi.txt --stop=20400
```

-c मुळे डाउनलोड थांबले होते तिथून पुढे सुरू होते, आणि -m 0 मुळे रेंज गेली तरी ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. अर्धवट फाइलशेजारी .aria2 या शेपटीची छोटी फाइल दिसेल, ती पुसू नये, कारण किती भाग उतरला आहे याची नोंद तिच्यातच असते. मात्र सर्व्हरने अशी सोय दिलेली असावी लागते. म्हणून दिवसा एक फाइल मिनिटभर चालवावी, थांबवावी आणि पुन्हा सुरू करून टक्केवारी मागच्या आकड्यापासून पुढे जाते का ते पाहावे. ती तिथून पुढे जात नसेल, किंवा दुवा लॉगिननंतर काही तासच चालणारा असेल, तर ती फाइल एका रात्रीत पूर्ण होण्याइतकी लहान असली पाहिजे.

आता डाउनलोड अर्धवट का राहते ते पाहू. तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय हॉटस्पॉटचा येतो. लॅपटॉप झोपला की हॉटस्पॉटला जोडलेले कोणी उरत नाही, आणि बहुतेक अँड्रॉइड फोन काही मिनिटे वाट पाहून तो आपोआप बंद करतात. त्याऐवजी केबल लावून यूएसबी टिथरिंग करावे, फोनही त्यावर चार्ज होत राहतो. लॅपटॉप चार्जरवर असताना झोपू नये आणि झाकण मिटल्यावर काहीच करू नये, अशा दोन्ही सेटिंग आधी करून ठेवाव्यात.

दुसरे कारण बराच काळ माझ्या लक्षात येत नव्हते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ही आज्ञा रोज १२ वाजून १० मिनिटांनी लावता येते. पण नवीन काम तयार करताना त्यातील Conditions या भागात लॅपटॉप चार्जरवर असेल तरच काम सुरू करावे आणि बॅटरीवर गेल्यास ते थांबवावे, या दोन्ही खुणा आधीपासूनच केलेल्या असतात. आमच्या सांगलीत पावसाळी रात्री वीज दोन मिनिटांसाठी जाऊन येते, आणि तेवढ्याने काम थांबले की सकाळपर्यंत ते पुन्हा सुरू होत नाही. त्या दोन्ही खुणा काढून टाकाव्यात. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराची कमाल मर्यादा लावलेली असेल तर तीही काढावी, कारण फोनला कोणता डेटा मोफत आहे हे कळत नाही आणि मर्यादा गाठताच तो मोबाइल डेटा बंद करतो.

किती रात्री लागतील याचा हिशेब सोपा आहे. १ एमबीपीएस वेगाला तासाला ४५० एमबी मिळतात. माझ्या ८ एमबीपीएसला ५ तास ४० मिनिटांत साधारण २०.४ जीबी होत होते, त्यामुळे अभ्यासिकेच्या ४० जीबीला कागदावर दोन रात्री पुरत होत्या. प्रत्यक्षात तीन लागल्या, कारण बारा ते एकच्या दरम्यान वेग निम्म्यावर आलेला असे आणि खरा वेग दोननंतर मिळे. तुम्ही वेग रात्री बाराला आणि तीनला असा दोनदा मोजा. दुपारच्या आकड्यावर हिशेब बांधू नका.

पहिल्या रात्री मात्र सगळी यादी लावून झोपू नका. साडेबाराला दोनशे एमबी उतरवावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि कंपनीच्या ॲपमध्ये दिवसाचा शिल्लक डेटा पाहावा. तो पूर्ण दीड जीबी दिसला तर सवलत लागू आहे. कमी झालेला दिसला तर ती तुमच्या रिचार्जमध्ये नाही, असे समजून काम थांबवावे. नवा रिचार्ज मारल्यावर ही तपासणी पुन्हा करावी, कारण अशा सवलती किमतीनुसार दिल्या जातात आणि थोड्या स्वस्त रिचार्जमध्ये त्या नसतात.

बोनस डेटाचा उपयोग मी फक्त शेपटासाठी करतो. काही रिचार्जमध्ये सोमवार ते शुक्रवार न वापरलेला डेटा शनिवारी व रविवारी वापरता येतो. रात्रीचे डाउनलोड मोफत वेळेतच बसवले तर दिवसाच्या कोट्याला धक्का लागत नाही. दिवसाला ९०० एमबी लागत असतील तर रोजचे ६०० एमबी उरून पाच दिवसांत ३ जीबी साठतात. म्हणून मोठ्या कामाची शेवटची रात्र मी शुक्रवारची धरतो. शनिवारी सकाळी पाच पन्नासला एखादी फाइल थोडीशी राहिली असेल, तर ती सहानंतर साठलेल्या डेटावर पूर्ण करता येते आणि पुढच्या रात्रीची वाट पाहावी लागत नाही. ॲपमधून मागून घ्यावा लागणारा बोनस मात्र आधीच घेऊन ठेवू नये. तो बहुधा त्याच दिवशी संपतो, म्हणून फाइलचे किती एमबी उरले ते पाहूनच तो मागावा.