समजते, पण बोलता येत नाही : मग मातृभाषा कोणती?

प्रश्न : आम्ही मूळचे सटाण्याकडचे, नाशिकला सिडकोत राहतो. आम्ही नवरा-बायको आणि आई-वडील आपसांत अहिराणी बोलतो, मुलीशी मात्र मराठी. तिला अहिराणी समजते, बोलता येत नाही. शाळेच्या अर्जात 'मातृभाषा' या रकान्यात काय लिहावे? न बोलता येणाऱ्या भाषेला मातृभाषा म्हणता येते का?

उत्तर : अर्जात 'मराठी' लिहावे. 'मातृभाषा' या शब्दातील 'मातृ' पाहून आपण आईची भाषा असा अर्थ घेतो. जनगणनेची व्याख्या मात्र अधिक नेमकी आहे. त्या व्यक्तीच्या बालपणी आई तिच्याशी ज्या भाषेत बोलत होती ती तिची मातृभाषा, आणि आई बालपणीच वारली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. म्हणजे आई कोणती भाषा जाणते याला महत्त्व नसून ती लेकराशी काय बोलली याला आहे. या हिशेबाने तुमच्या पत्नीची मातृभाषा अहिराणी आणि मुलीची मराठी ठरते, आणि एकाच घरात असा फरक पडणे जनगणनेलाही मान्य आहे. शाळेत नोंदवलेला हा रकाना पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही उतरतो, म्हणून तो एकदाच विचारपूर्वक भरलेला बरा.

तुमच्या मुलीची स्थिती मात्र 'येते' आणि 'येत नाही' या दोन खान्यांत बसणारी नाही. भाषाविज्ञानात अशा मुलांना ग्रहणक्षम द्विभाषिक म्हणतात, म्हणजे भाषा कानाला पूर्ण कळते, पण तोंडातून वाक्य उमटत नाही. स्थलांतरित घरांत भाषा सुटू लागते तेव्हा हा टप्पा बहुधा येतोच, आणि तो आल्याचे चटकन ध्यानात येत नाही, कारण मूल सांगितलेले सगळे नीट ऐकते. खूण उत्तरात सापडते. आजी विचारते, 'तू कथा जाई ऱ्हायनी?' आणि नात म्हणते, 'मी क्लासला चालले.' थोडा प्रयत्न करणारे मूल 'तू कथा चाललीस?' असे काहीतरी बोलते. प्रश्नार्थक शब्द अहिराणी, क्रियापद मराठी. 'मना', 'तुना', 'आंडोर' असे सुटे शब्द आणि नात्यागोत्याची, खाण्यापिण्याची नावे बराच काळ टिकतात, पण 'शे', 'जाई ऱ्हायना' ही क्रियापदे आणि 'माले', 'घरमा' यांतील 'ले', 'मा' हे प्रत्यय आपणहून वापरण्याची सवय आधी मोडते. घरात दुसरे मूल असेल तर वेग आणखी वाढतो, कारण शाळेत जाणारे थोरले भावंड धाकट्याशी मराठीच बोलते.

इथे नाशिकचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. सटाणा, कळवण, मालेगाव, देवळा हा 'कसमादे' पट्टा आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी शहरात आलेल्या तिथल्या माणसाला आपण स्थलांतरित आहोत असे वाटतच नाही. तमिळ किंवा बंगाली कुटुंबाला भाषा सुटल्याचे निदान जाणवते. इथे अहिराणी सुटून मराठी येते तेव्हा 'मुलगा शुद्ध बोलायला लागला' असे कौतुक होते. अहिराणीला मराठीचीच गावंढळ बोली समजण्याची सवय या कौतुकामागे आहे. वास्तविक 'शे', 'ना-नी', 'मा' ही रूपे गुजरातीच्या 'छे', 'ना-नी', 'मां' यांच्या जवळची आहेत, आणि जनगणनाही खानदेशी ही स्वतंत्र भाषा मानून तिच्याखाली अहिराणी मोजते. खानदेशीची ही नोंद 2001 मध्ये सुमारे 20 लाख 75 हजार होती, ती 2011 मध्ये सुमारे 18 लाख 60 हजारांवर आली. यातले किती जण खरोखर बोलायचे थांबले आणि किती जणांनी बोलत असूनही 'मराठी' सांगितले, हे त्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

ओळखीचा प्रश्न रकान्यापेक्षा हळदीच्या मांडवात अधिक उघड होतो. आत्या अहिराणीत थट्टा करते, सगळे हसतात, मुलगीही हसते, कारण तिला विनोद कळलेला असतो. पण उलट टोला तिला मराठीत द्यावा लागतो आणि तो बोथट लागतो. मग आत्या तिच्याशी जपून, प्रमाण मराठीत बोलू लागते, जसे कुणी व्याह्यांशी बोलावे. मुलगी स्वतःला बागलाणची म्हणवते आणि ते खरेच आहे, परंतु घरच्यांत बसूनही तिला पाहुणीचा मान मिळतो.

तेव्हा तिच्या अहिराणीला मातृभाषा न म्हणता 'घरची भाषा' किंवा 'वारशाची भाषा' म्हणणे मला रास्त वाटते. ती बोलती करायची असेल तर नव्याने शब्द शिकवण्याची गरज नाही, कारण तिचा कान तयार आहे. आजीने तिच्या मराठी उत्तरावर स्वतः मराठीत न वळता अहिराणीतच बोलत राहावे, आणि वाक्य अर्धवट आले तरी कुणी हसू नये. अशी मुले बहुधा चुकीच्या भीतीपेक्षा हसण्याच्या भीतीने गप्प झालेली असतात.