नुसत्या ईसीजीच्या कागदावरून अँजिओप्लास्टी?

«बाबांना पोटात वर जळजळ आणि दरदरून घाम म्हणून रात्री इमर्जन्सीत नेलं. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, ‘एसटी वर गेलंय, लगेच अँजिओप्लास्टी करावी लागेल, सही करा.’ तेव्हा रक्ताचा रिपोर्टही आला नव्हता. आम्ही सही केली, बाबा आता बरे आहेत. पण एका कागदावरून एवढा मोठा निर्णय घेतात का?»

घेतात, आणि तसाच घ्यायचा असतो. बरीच वर्षं इमर्जन्सीत काम करतोय. तुमचा प्रश्न मला दारातच विचारला जातो, म्हणून तिथे नातेवाइकांना जसं दाखवतो तसंच इथे सांगतो.

मी ईसीजीच्या पट्टीखाली दुसऱ्या कागदाची सरळ कड धरतो. प्रत्येक ठोक्याला एक उंच टोकदार सुळका दिसतो, तेव्हा हृदयाच्या खालच्या मोठ्या कप्प्यांतून वीज पसरत असते. सुळका संपल्यावर रेघ पुन्हा त्या कडेवर यायला हवी आणि थोडं सपाट चालून मग पुढचा गोल उंचवटा यायला हवा. मधला हा सपाट तुकडा म्हणजे एसटी. तो सपाट असतो, कारण त्या क्षणी सगळा स्नायू एकाच विद्युत अवस्थेत असतो. रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली की तिच्यावर जगणारा भाग ती अवस्था टिकवू शकत नाही. आजारी आणि निरोगी भागात फरक पडतो, आणि रेघ कडेवर न उतरता वरच तरंगते.

एका पेशंटचं सांगतो. वय अठ्ठावन्न, तक्रार तुमच्या बाबांसारखीच. मुलगा ठामपणे म्हणत होता, ॲसिडिटी आहे. ईसीजीतली प्रत्येक लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक दिशेने बघणारी नोंद. त्याच्या ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या तीन लीडमध्ये एसटी तीन-तीन बारीक चौकोन वर होतं. हे तिन्ही लीड हृदयाच्या खालच्या बाजूकडे बघतात. ती बाजू छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टेकलेली असते, म्हणून दुखणं पोटाचं वाटतं आणि उलट्याही होतात. विरुद्ध बाजूने बघणाऱ्या एव्हीएल लीडमध्ये रेघ तेवढीच खाली दबलेली होती. शेजारशेजारच्या लीडमध्ये वर आणि विरुद्ध बाजूला खाली, ही जोडी दिसली की माझी शंका फिटते. हृदयाच्या आवरणाला सूज आली तरी एसटी वर जातं, पण तेव्हा ते बहुतेक सगळ्या लीडमध्ये थोडंथोडं जातं. काही धडधाकट तरुणांमध्येही ते मुळातच जरा वर असतं. म्हणजे कागद एकटा वाचायचा नाही, समोर घामाने भिजलेला माणूस आहे हे धरून वाचायचा.

मुलगा म्हणाला, ‘रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या ना.’ त्या रिपोर्टात ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन बघतात. ते रक्तात दिसतं स्नायूच्या पेशी मरून बाहेर पडल्यावर. पहिल्या तासा-दोन तासांत ते नॉर्मलही येऊ शकतं. वाहिनी आत्ता बंद आहे हे ईसीजी आत्ता सांगतो. दारात आल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत वाहिनी उघडायची, असं आमचं गणित असतं. अँजिओप्लास्टी जिथे करतात ती कॅथलॅब जवळ नसेल आणि पोचायला दोन तासांहून जास्त लागणार असतील, तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतो. त्याने क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून पूर्वी पक्षाघात झाला होता का, नुकतं ऑपरेशन झालं का, हे घाईघाईत विचारतो. तेव्हा नातेवाइकांचं एक अचूक उत्तर फार उपयोगी पडतं.

त्या मुलाने खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढली. मी त्याचा हात धरला. खालच्या बाजूच्या ॲटॅकमध्ये उजवा कप्पाही सापडलेला असू शकतो. छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून बघितलं, तिथेही एसटी वर होतं. अशा वेळी त्या गोळीने बीपी धाडकन पडतं. आम्ही उलट सलाइन दिलं.

वाहिनी उघडल्यावर तासाभराने काढलेला दुसरा ईसीजी मी मुलाला दाखवला. त्याने स्वतःच कागदाची कड धरली. रेघ निम्म्याहून जास्त खाली आली होती. खालीच आली नसती, तर आम्ही काळजीत असतो.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून ॲटॅक नाहीच, असं मात्र समजू नका. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही पुन्हा काढतो, आणि कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी रेघ वर जाताना सापडते.

बाबांच्या फाइलमधून अँजिओप्लास्टीच्या आधीचा आणि डिस्चार्जच्या वेळचा, असे दोन्ही ईसीजी मागून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काहींच्या ईसीजीत ॲटॅकच्या खुणा कायमच्या राहतात. पुढे कधी रात्री छातीत दुखलं, तर तिथल्या डॉक्टरला जुनी खूण कोणती आणि नवी कोणती, हे त्या फोटोवरून लगेच कळेल.