टँकरमधून जमिनीखालच्या टाकीत पाणी: दोन इंची पाइप की तीन इंची?

टँकर 10,000 लिटरचा. सोसायटीची जमिनीखालची टाकी गेटपासून 30 मीटर आत, चढावर, रस्त्यापेक्षा 3 मीटर उंच. पाइप किती इंची घ्यावा, वेळ किती लागेल?

तीन इंची घ्या. मिनिटाला 400 लिटर धरले तर 25 मिनिटांत टँकर रिकामा होतो. एवढंच पाणी दोन इंचीतून ढकलायचं तर पाइपातल्या घर्षणातच साधारण 8 मीटर उंचीइतका जोर जातो, तीन इंचीत जेमतेम 1 मीटर. म्हणजे खरी चढण 3 मीटरचीच, पण पंपाला एकीकडे 11 मीटर भासते, दुसरीकडे 4. तीन इंचीला 1 एचपीचा पंप पुरतो, दोन इंचीला 2 एचपी लागेल.

उंची टाकीच्या तळापर्यंत नाही, पाइप वाटेत जिथे सर्वात उंच जातो तिथपर्यंत मोजा. पाइपाचं तोंड पाण्यात बुडवू नका. आमच्याकडे एकदा पंप बंद केल्यावर टाकीतलं पाणी उलटं टँकरमध्ये जायला लागलं, वॉचमनने आवाजावरून ओळखलं!

टँकर ते पंप हा तुकडा मात्र तारेचा कडक पाइप हवा. घडीचा पाइप तिथे ओढीने चपटा होतो आणि पंप नुसता घरघरतो.