पोहे भिजवायचे नसतात, धुवायचे असतात

प्रश्न: मुंबईत रूमवर राहतो. पोहे केले की लगदा होतो आणि कमी भिजवले तर दाताखाली कचकच लागतात. काय चुकतंय?

उत्तर: पातेल्यात पाणी घालून पोहे ठेवत असाल, तर तिथेच चुकतंय. पोहे म्हणजे साळ भिजवून, भाजून, चेपलेली. ते आधीच जवळजवळ शिजलेले असतात, म्हणून पाण्यात बुडवून ठेवले की वरून विरघळायला लागतात.

दुकानात जाड पोहे मागा. पातळ पोहे चिवड्याचे. दोघांना दोन वाट्या पुरतात. आधी ते चाळून घ्या, कारण खालचा चुराच पुढे चिकट होतो. मग चाळणीतच नळाखाली धरा, हलक्या हाताने दोनदा खालीवर करा आणि निथळत ठेवा. दहा मिनिटं हात लावायचा नाही. वरचं पाणी आत मुरतं ते या दहा मिनिटांत. मग एक दाणा चिमटीत दाबा. सहज चेपला तर झालं. मध्ये टणक कणी लागली तर पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं थांबा. मीठ आणि चमचाभर साखर इथेच लावून घ्या, म्हणजे कढईत फार ढवळावं लागत नाही.

मी एकदा लोकल चुकेल म्हणून निथळायला न ठेवताच पोहे फोडणीत टाकले होते. दुपारी ऑफिसात डबा उपडा केला तर पोह्यांची अख्खी वडी पडली!

फोडणीला तेल सढळ हवं, दोन मोठे चमचे तरी. पहिल्यांदा मंद आचेवर मूठभर शेंगदाणे तळा. सालं तडकून तडतड आवाज आला की काढून ठेवा. कढईतच राहिले तर वाफेने मऊ पडतात. त्याच तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची आणि एक मोठा कांदा. कांदा पारदर्शक होईपर्यंतच परता. लाल केलात तर त्याचा ओलावा जातो, आणि पोह्यांना मऊ ठेवायला तो ओलावाच उपयोगी पडतो. वर हळद घालून पोहे टाका, उलथन्याने खालून वर घ्या. दाबू नका. झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटं वाफ काढा. गॅस बंद केल्यावर लिंबू, शेंगदाणे, कोथिंबीर. ओलं खोबरं मिळालं तर सोडू नका.

धुताना पाणी जास्त झालंच, तर पिळू नका, दाणा मोडतो. ताटात पसरून पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत वीस मिनिटंही लागतात, तेवढ्यात कांदा चिरून होतो.