प्रश्न सीलंटच्या दराचा, पैसे बुडतायत दुसरीकडेच

वाचकाचं पत्र: "आमच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर 6 मीटर लांबीचे काँक्रीटचे पॅनेल आहेत. मधल्या फटी 12 मिमी रुंद, 25 मिमी खोल. छताच्या कठड्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा आहे, 3 मीटरचे तुकडे, सांधा 8 मिमी. 4 वर्षांत दोनदा फटी भरल्या. दोन्ही वेळा सीलंट एका कडेने सुटलं. आता ठेकेदार सगळीकडे महाग सिलिकोन सुचवतो, 20 वर्षांच्या हमीसह. कडांना चिकटलेलं जुनं तसंच ठेवून पुन्हा ठासून भरणार. जुनं घासून काढायचं तर 15 टक्के जास्त. अंदाजात 100 पैकी 80 परांची आणि मजुरीचे, 20 मालाचे. पॉलियुरेथेन घेतलं तर माल निम्म्यात, एमएस पॉलिमर मधल्या दरात. भिंत नंतर रंगवायची आहे. पैसे कशात घालावेत?"

उत्तर: स्वस्तातला माल निवडून 100 मधले फार तर 10 वाचतील. परांची-मजुरीचे 80 दर दोन वर्षांनी वाया जातायत, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे.

फट हलल्यामुळे सीलंट कमी पडलं असतं, तर ते बहुधा मधोमध फाटलं असतं. तुमचं कडेने सुटलं, म्हणजे पकडच बसली नव्हती. धुळकट काँक्रीट किंवा जुन्या मालाचा थर याला ते चिकटत नाही. त्यात 25 मिमी खोल ठासून भरल्यामुळे ते तळालाही धरलं. तीन बाजूंनी अडकलेलं जाड सीलंट ताणलं जात नाही. फट उघडली की सगळा ताण कडांवर येतो आणि कमजोर कड सुटते.

जुनं सिलिकोन होतं का, हे आधी पाहा. छोटा तुकडा बाहेर, सुरक्षित जागी जाळा. पांढरी भुकटी उरली तर बहुधा सिलिकोनच. त्याच्या अंशावर पॉलियुरेथेन किंवा एमएस टिकत नाही, रंगही धरत नाही. म्हणून दोन्ही कडा ग्राइंडरने मिलिमीटरभर घासून कोरडं, ताजं काँक्रीट उघडं करायचं. फट 14 मिमी होईल, आणि ते फायद्याचंच आहे. धूळ झटकून प्रायमर लावा, 18 मिमीचा बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबून बसवा आणि वर फक्त 7 मिमी माल भरा. आता मीटरला साधारण 100 मिली लागेल. ठासून भरताना 300 लागत होतं. म्हणजे भिंतीचा माल एक-तृतीयांशावर येतो, आणि घासण्याच्या 15 मधले बरेचसे तिथेच भरून निघतात.

आता मालाची निवड. 6 मीटर काँक्रीट तापमानातल्या 50 अंशांच्या फरकाने सुमारे 3 मिमी कमीजास्त होतं. 14 मिमीच्या फटीत 25 टक्के हालचाल सोसणारं सीलंट साडेतीन मिमी पेलतं. म्हणजे भिंतीला 50 टक्केवाल्याची गरज नाही. रंगवायची असल्याने तिथे सिलिकोन नकोच: रंग बसणार नाही, आणि सच्छिद्र काँक्रीटवर त्याचे डाग उमटू शकतात. पॉलियुरेथेन चालेल, पण ओलसर कडेवर त्यात बुडबुडे येतात आणि उघडं राहिलं तर उन्हात ते तडकतं. मी इथे एमएस घेईन. आधी हातभर फटीवर रंगाची चाचणी करा. ताठ रंग हलत्या सांध्यावर तडकतो, मग सीलंट कोणतंही असो.

छताचा पत्रा वेगळा. अॅल्युमिनियम काँक्रीटच्या दुप्पट पसरतं. 3 मीटर तुकडा 60 अंशांत सुमारे 4 मिमी. 8 मिमीच्या सांध्यात ती थेट 50 टक्के हालचाल झाली. तिथे न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, 50 टक्केवालं सिलिकोनच घ्या, आणि हवा ना फार तापलेली ना फार गार अशा दिवशी भरा, म्हणजे हालचाल दोन्हीकडे वाटली जाईल. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकोन धातूला आणि काँक्रीटला, दोन्हींना वर्ज्य.

20 वर्षांची हमी लेखी मागून नीट वाचा. अशी हमी बहुधा मालाची असते: सुटलं तर नवी काट्रिज मिळेल, परांचीचे 80 पुन्हा तुमच्याच खिशातून जातील. आणि कडा नीट तयार न केल्याचं कारण दाखवून तीही नाकारता येते. ती हमी हिशेबात शून्य धरा.

आतापर्यंत दर दोन वर्षांना 100, म्हणजे वर्षाला 50 गेले. नीट केलेलं काम 115 ला पडलं आणि फक्त 5 वर्षं टिकलं, तरी वर्षाला 23. वीस वर्षांची आशा बाळगू नका. तरतूद 10 वर्षांची धरा.

परांची उतरण्याआधी एक अट करारात घाला: 3 आठवड्यांनी पाच ठिकाणी सीलंटची पट्टी दोन बाजूंनी कापून हाताने काटकोनात ओढायची. ती ताणून तुटली तर पकड आहे. कडेवरून स्वच्छ सोलून निघाली, तर त्या भागाचं बिल थांबवा.