एटीएमचे पैसे अडकले: तक्रारीची पहिली तारीख सोडू नका

प्रश्न: "दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून 10,000 रुपये आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले. माझी शाखा म्हणते, जुनी तक्रार बंद झाली आहे, नवीन करा. आता थेट रिझर्व्ह बँकेकडे लिहू का?"

नवीन तक्रार करण्याआधी थोडे थांबावे. माझ्या बाबतीतही नेमके हेच झाले होते. मी वकील नाही आणि बँकेत नोकरीलाही नाही, त्यामुळे हा अनुभव सल्ला म्हणून घेताना मूळ नियम स्वतः वाचून पाहावेत.

एटीएम दुसऱ्या बँकेचे असले तरी तक्रार आपले खाते जिथे आहे त्या बँकेकडेच करायची असते, हे आपल्याला ठाऊक असेलच. माझी खरी दमछाक झाली ती माझ्या बँकेच्या तक्रार कक्षामुळे. तिथे प्रत्येक तक्रार "व्यवहार यशस्वी" असा एका ओळीचा शेरा मारून बंद केली जाई आणि फोन केला की नम्रपणे नवा क्रमांक दिला जाई. प्रत्येक नव्या क्रमांकाबरोबर त्यांच्या नोंदीत माझी तक्रार जणू कालच आलेली दिसत होती. बाहेर दाद मागायची वेळ आली तेव्हा बँकेचे म्हणणे पडले की, तक्रार अलीकडचीच आहे आणि मुदत अजून संपलेली नाही. हा मुद्दाम केलेला डाव होता की नुसती बेफिकिरी, हे मी सांगू शकत नाही. ग्राहकाला त्याचा त्रास मात्र सारखाच होतो.

या मुदतीला महत्त्व आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवण्याच्या योजनेनुसार, आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली असावी लागते. त्यानंतर बँकेने ती पूर्णतः किंवा अंशतः फेटाळली, उत्तराने आपले समाधान झाले नाही, किंवा 30 दिवसांत उत्तरच आले नाही, तरच लोकपालाकडे जाता येते. उत्तर आल्यापासून एक वर्ष, आणि उत्तर न आल्यास मूळ तक्रारीपासून एक वर्ष 30 दिवस, अशी कमाल मर्यादा त्या योजनेत आहे. अर्ज करण्याआधी सध्या लागू असलेली मुदत रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर तपासून घ्यावी.

म्हणून शाखा काहीही म्हणो, पुढचे प्रत्येक पत्र पहिल्याच क्रमांकाचा पाठपुरावा म्हणून लिहावे. मी पुढे असे लिहू लागलो: "दिनांक अमुकची तक्रार क्रमांक तमुक न सुटता बंद केली आहे, ही नवी तक्रार नसून त्याच तक्रारीचा पाठपुरावा आहे." हाच मजकूर शाखाधिकाऱ्यांना आणि, दखल न घेतल्यास, बँकेच्या संकेतस्थळावर ज्यांचा पत्ता असतो त्या, तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्यांना ईमेलने पाठवावा. कागदावर तक्रार दिल्यास दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. "पोच देत नाही" असे उत्तर मिळाले तर वाद न घालता स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. फोनवरच्या आश्वासनाला माझ्या लेखी काडीची किंमत नाही; फोन झाल्यावर त्यातला मजकूर लगेच ईमेलने कळवला तरच त्याचा काही उपयोग होतो.

पत्रात "व्यवहार यशस्वी" या शेऱ्याचा आधार मागावा: यंत्राची व्यवहार नोंद, त्या दिवशीच्या रोकड मोजणीत जादा रक्कम निघाली का, आणि सीसीटीव्ही चित्रण. चित्रण कायमचे ठेवले जात नाही, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच पत्रात करावी.

भरपाईचा हिशेबही मांडावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, रोकड न मिळता वजा झालेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी, आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही द्यायची असते. समजा, व्यवहार 3 मार्चचा आहे. रक्कम 8 मार्चपर्यंत यायला हवी होती आणि ती 2 एप्रिलला आली, तर विलंब 25 दिवसांचा, म्हणजे भरपाई 2,500 रुपये. माझ्या माहितीतले अनेक जण मूळ रक्कम मिळताच समाधान मानतात आणि ही भरपाई सोडून देतात, जे मला पटत नाही.

आता आपला मूळ प्रश्न. पहिल्या लेखी तक्रारीला 30 दिवस झाले नसतील आणि बँकेने लेखी नकारही दिला नसेल, तर रिझर्व्ह बँकेकडे लिहू नका. घाईची तक्रार अग्राह्य ठरते. बँकेला लिहिलेल्या ईमेलची प्रत रिझर्व्ह बँकेला पाठवणे म्हणजेही लोकपालाकडे तक्रार करणे नव्हे. ती cms.rbi.org.in वर स्वतंत्रपणे करावी लागते, शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. तिथे बँकेकडे केलेल्या तक्रारीची तारीख विचारली जाते. त्या रकान्यात पहिलीच तारीख भरावी आणि तिचा पुरावा जोडावा. खाते पतसंस्थेत असेल तर मात्र ही योजना लागू होत नाही. तेव्हा सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावे लागते.